स्वतःच्याच निबंधाची झडती

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण झोपली आहे. समाजशास्त्राचा निबंध सकाळी दहाच्या आत कॉलेजच्या पोर्टलवर चढवायचा आहे आणि तो दुपारीच लिहून झाला आहे. तरीही ती जागी आहे. तिने एक फुकट संकेतस्थळ उघडलं आहे आणि त्यातल्या रिकाम्या चौकटीत आपला निबंध चिकटवला आहे. काही क्षणांत उत्तर येतं. मजकूर यंत्राने लिहिलेला असावा, ७८ टक्के. निबंधातली बरीचशी वाक्यं पिवळ्या रंगाने झाकली गेली आहेत.

निबंध तिने स्वतः लिहिला आहे. चॅटजीपीटीला किंवा दुसऱ्या कशालाही तिने एक ओळसुद्धा विचारलेली नाही.

ही मुलगी आणि ही रात्र कल्पित आहे. ती सांगलीकडच्या मराठी शाळेत शिकून पुण्याला आली आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सगळं लेखन तिला इंग्रजीत करावं लागतं, असं समजू. ती जे करते आहे ते मात्र आज अनेक कॉलेजांतली प्रामाणिक मुलं करताहेत, आणि ज्या यंत्रणेशी तिची गाठ पडली आहे ती यंत्रणा पूर्ण खरी आहे. म्हणून तिची गोष्ट सांगता सांगता ती यंत्रणा समजून घेऊ.

ती हे चोरून का करते? चोरी केलेली नसताना लपायचं कशाला, असं आपल्याला वाटेल. पण तिच्या जागी उभं राहून पाहिलं की कळतं. अशा संकेतस्थळावर कुणी पाहिलं तर पहिला विचार हाच येणार की हिने काहीतरी केलंय, म्हणूनच तपासतेय. मॅडमना विचारावं, तर प्रश्नच कबुलीसारखा वाटतो. "मॅडम, माझा निबंध यंत्राचा वाटेल का?" हे वाक्य कोणती मुलगी उच्चारेल? वर्गात मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय की निबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जाणार आणि यंत्राचा निघाला तर शून्य. त्यामुळे सॉफ्टवेअर काय म्हणेल, हे आधीच जाणून घेणं तिला शहाणपणाचं वाटतं.

निबंधाचा विषय आहे असंघटित क्षेत्रातल्या स्त्रिया. त्यासाठी ती आपल्याच मेसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. तिथे तीन बायका पोळ्या लाटतात. त्यांना पगार नाही, किलोमागे पैसे मिळतात. किती किलो कणीक मळली गेली त्यावर दिवसाची कमाई ठरते. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे ती वेळ बिनपैशांची. तिने वहीत मराठीत टिपणं काढली. त्यांतलं एक असं: "काकू म्हणाल्या, तुमच्या परीक्षा संपल्या की आमची परीक्षा सुरू. मे महिन्यात पोरं गावी जातात, कणीक दहा किलोवरून दोनवर येते."

ही नोंद निबंधात पोचली तेव्हा तिचं इंग्रजीत काय झालं? वाक्य साधारण असं झालं की हंगामी बेरोजगारी ही असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांपुढची एक प्रमुख समस्या आहे. आणि हेच वाक्य पिवळं झालं आहे.

यामागचं गणित सोपं आहे. चॅटजीपीटीसारखी यंत्रं ज्या भाषिक प्रारूपांवर चालतात, ती प्रारूपं एकच काम प्रचंड सरावाने करतात. आधीचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधायचा. 'गणपती बाप्पा' म्हटल्यावर पुढे काय येणार हे जसं आपल्याला सांगावं लागत नाही, तसं प्रत्येक शब्दानंतर काय येणं किती संभवनीय आहे याचे आकडे त्या प्रारूपाकडे असतात. मग तपासणाऱ्या साधनाने उलटा विचार केला. समोरच्या मजकुरातला प्रत्येक शब्द प्रारूपाच्या अंदाजाशी ताडून पाहायचा. शब्द वारंवार अंदाजाप्रमाणेच येत असतील तर मजकूर यंत्राचा असण्याचा संशय घ्यायचा. या मोजमापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. वाचताना प्रारूप किती चकित झालं, याचं ते माप.

एक लहान हिशोब करून पाहू. चार शब्दांचं वाक्य आहे. प्रारूपाच्या मते पहिला शब्द येण्याची शक्यता एक द्वितीयांश, दुसऱ्याची एक चतुर्थांश, तिसऱ्याची पुन्हा एक द्वितीयांश आणि चौथ्याची एक चतुर्थांश. सगळ्यांचा गुणाकार होतो १/६४. शब्द चार असल्यामुळे ६४ चं चौथं मूळ काढायचं, ते येतं सुमारे २.८. म्हणजे प्रत्येक शब्दाच्या जागी प्रारूप सरासरी जेमतेम तीन पर्यायांमध्ये घुटमळत होतं. आता तिसरा शब्द बदलून तिथे असा शब्द ठेवा की ज्याची शक्यता शंभरात एक होती. गुणाकार १/३२०० होतो आणि चौथं मूळ सुमारे ७.५. एका शब्दाने आकडा अडीच पटींहून जास्त वर गेला. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत हीच. आकडा कमी म्हणजे मजकूर यंत्रासारखा, जास्त म्हणजे माणसासारखा, असा ढोबळ न्याय.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहिली जाते. माणूस एक वाक्य लांबलचक लिहितो, मग एखादं तोकडं. एका परिच्छेदात अंदाज चुकवतो, दुसऱ्यात रुळलेलं लिहितो. यंत्राचं लेखन या बाबतीत एकसारखं असतं, असं गृहीत धरून चढउतार मोजले जातात. प्रिन्स्टन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असलेल्या एडवर्ड टियान याने जानेवारी २०२३ मध्ये 'जीपीटीझीरो' हे साधन लोकांसमोर आणलं, ते या दोन मापांवर उभं होतं. पुढे आलेली बरीच साधनं यापलीकडे गेली. माणसांचे आणि यंत्रांचे ढीगभर नमुने दाखवून त्यांना फरक ओळखायला शिकवलं जातं. पण तिथेही निर्णय लेखनाच्या ढंगावरच होतो. निबंध कुणी लिहिला, हे पाहण्याची कोणतीही वाट साधनाकडे नाही. मजकूर कशासारखा दिसतो, एवढंच ते सांगू शकतं.

आता आपल्या मुलीच्या इंग्रजीकडे वळू. आठवीपासून तिच्या शिक्षकांनी तिला चांगल्या इंग्रजी निबंधासाठी काय शिकवलं? परिच्छेदाची सुरुवात 'मोरओव्हर' किंवा 'फर्दरमोर'ने करावी. एखाद्या गोष्टीचं महत्त्व सांगायचं तर ती 'प्लेज अ व्हायटल रोल'. शेवटचा परिच्छेद 'इन कन्क्लुजन'ने सुरू व्हावा. वाक्यं पूर्ण, व्याकरणशुद्ध आणि मध्यम लांबीची असावीत. हे सगळं तिने मन लावून आत्मसात केलं, कारण घरी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं आणि चुकू नये हीच मोठी धडपड होती. ज्याला एखादी भाषा शिकून यावी लागते तो सुरक्षित शब्द निवडतो. त्याचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, म्हणून तो त्याच त्या जोड्या वापरतो. सुरक्षित आणि वारंवार वापरलेला शब्द म्हणजेच जास्त शक्यतेचा शब्द. मराठी शाळेतून आलेली मेहनती मुलगी यंत्रासारखी का दिसते, याचं कारण हे आहे.

हा निव्वळ तर्क नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२३ मध्ये 'पॅटर्न्स' या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध घेतले, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे. शेजारी अमेरिकी आठवीतल्या मुलांचे ८८ निबंध ठेवले. सगळेच माणसांनी लिहिलेले. हे निबंध त्यांनी सात साधनांमधून तपासले. अमेरिकी मुलांचे निबंध साधनांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. टोफेलच्या निबंधांना मात्र या सात साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचं ठरवलं. ९१ पैकी १८ निबंधांवर सातही साधनांचं एकमत झालं की ते यंत्राचे आहेत, आणि किमान एका साधनाने तरी ज्यांच्यावर बोट ठेवलं असे निबंध होते ८९.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला, आणि मला तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेच टोफेलचे निबंध त्यांनी चॅटजीपीटीला दिले आणि शब्दसंपदा इंग्रजी मातृभाषकासारखी कर असं सांगितलं. आता हे निबंध खरोखरच यंत्राचा हात लागलेले होते. पुन्हा तपासले तेव्हा यंत्राचे ठरण्याचं सरासरी प्रमाण ६१ वरून सुमारे १२ टक्क्यांवर उतरलं. स्वतःच्या हाताने लिहिलेला निबंध अडकला आणि यंत्राने घासूनपुसून दिलेला सुटला. हा अभ्यास लहान होता आणि साधनं २०२३ ची होती. त्यानंतर काही साधनं सुधारली आहेत, हे मान्य करायला हवं. पण आपल्या मुलीच्या हातात कोणतं साधन आहे? शोधल्यावर जे पहिलं फुकट सापडलं ते. ते किती जुनं, कशावर शिकवलेलं, कुठे चाचणी झालेलं, याचा तिला पत्ता नाही.

तिने निबंध दुरुस्त करायला घेतला.

आधी ते हंगामी बेरोजगारीचं वाक्य. वही उघडून तिने काकूंचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत आणलं. मे महिना, दहा किलो, दोन किलो, परीक्षा. पुन्हा तपासलं तर त्या परिच्छेदावरचा पिवळा रंग गेला आणि आकडा ६४ वर आला. हा बदल उत्तम होता. निबंध खरोखर सुधारला. आता वाचणाऱ्याला स्वयंपाकघर दिसत होतं.

मग ती व्याख्येच्या परिच्छेदाकडे गेली. असंघटित क्षेत्र म्हणजे काय, हे तिने नोंदणी, कामाची हमी, सामाजिक सुरक्षा अशा शब्दांत लिहिलं होतं. तो पूर्ण पिवळा होता. इथे ती अडली. व्याख्या रुळलेल्या शब्दांतच करावी लागते. तिथे अनपेक्षित शब्द घातला तर व्याख्या चुकते आणि मॅडम गुण कापतात. शास्त्रीय लेखनाचा हा भाग स्वभावतःच अंदाजाबरहुकूम असतो. याच कारणाने अतिपरिचित मजकूरही या साधनांत अडकतात. अमेरिकेची राज्यघटना साधनात घातली तर तीही यंत्राची ठरल्याचं २०२३ मध्ये लोकांनी करून दाखवलं होतं. घटनेचा मजकूर शिकवणीच्या साहित्यात इतक्यांदा येऊन गेला आहे की प्रारूपाला त्यातला पुढचा शब्द पाठ असतो.

व्याख्या बदलता येत नाही म्हणून तिने दुसरा मार्ग धरला. एका वाक्यात क्रियापदाचं रूप जाणूनबुजून चुकवलं. एका ठिकाणी 'द' गाळला. 'इम्पॉर्टंट'च्या जागी कोशातून शोधून एक जड शब्द बसवला, जो तिने आयुष्यात कधी वापरला नव्हता. दोन चांगली जोडलेली वाक्यं तोडून तीन केली. आकडा ३१ वर आला.

या ३१ मध्ये काय काय मिसळलंय ते पाहा. काकूंचं वाक्य तिच्या प्रामाणिक कामाचा पुरावा होतं, त्याने आकडा उतरला. व्याकरणाची चूक मुद्दाम केलेली होती, तिनेही उतरला. कोशातला शब्द तर परका होता, त्यानेही उतरला. साधनाला या तिन्हींत काही फरक दिसत नाही. अभ्यास, चूक आणि आव, तिन्ही त्याच्या लेखी फक्त अनपेक्षित शब्द. निबंध ७८ वरून ३१ वर आला तेव्हा तो जास्त प्रामाणिक झालेला नव्हता. दुपारी तो तिचा होता, रात्री एक वाजता निम्मा वेष पालटलेला होता.

याच वेळी पानाच्या बाजूला एक बटण तिला खुणावत होतं. मजकूर माणसासारखा करून मिळेल. अनेक फुकट साधनांच्या शेजारी अशी सोय असते, आणि तिथेच पैसे मागितले जातात. आधी घाबरवायचं आणि मग उतारा विकायचा, हा धंदा मला सरळ वाईट वाटतो. त्या बटणावर बोट टेकलं की प्रामाणिक निबंध पहिल्यांदा खरोखर यंत्राचा होतो. तिने ते दाबलं नाही. पण दमलेल्या, घाबरलेल्या मुलांपैकी किती जण थांबत असतील?

दुसरा धोका ती ओळखत नव्हती. आपलं लेखन कुठल्याही अनोळखी साधनात चिकटवलं की ते तिथे साठवलं जाऊ शकतं. वाङ्मयचौर्य तपासणारी काही साधनं आलेला प्रत्येक निबंध आपल्या साठ्यात ठेवतात आणि पुढचे निबंध त्याच्याशी ताडतात. मित्राच्या खात्यातून निबंध आधी तपासून घेतला आणि तो साठ्यात राहिला, तर खऱ्या सादरीकरणाच्या वेळी तो स्वतःशीच जुळतो आणि जवळजवळ शंभर टक्के साम्य दिसतं.

इथे मुलांच्या आणि शिक्षकांच्याही मनातला एक गोंधळ सोडवायला हवा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम केले. त्यांत साम्याच्या पायऱ्या आहेत आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तेव्हापासून 'दहा टक्क्यांच्या आत' हे शब्द कॅम्पसवर रुळले, आणि आता यंत्रलेखनाच्या टक्क्यांनाही लोक तीच फूटपट्टी लावतात. पण हे दोन टक्के वेगळ्या जातीचे आहेत. साम्याचा टक्का दाखवला जातो तेव्हा मूळ लेखही दाखवला जातो. शिक्षक दोन्ही शेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकतात, विद्यार्थी उत्तर देऊ शकतो. यंत्रलेखनाच्या टक्क्याशेजारी ठेवायला काहीच नसतं. मूळ लेख नाही, ताडून पाहायला दुसरं पान नाही, आहे तो फक्त एक अंदाज. शिवाय काही साधनांत ७८ म्हणजे पूर्ण मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता ७८ टक्के, आणि काहींत मजकुराचा ७८ टक्के भाग यंत्राचा वाटतो असा अर्थ. पाहणारा दोन्ही आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे वाचतो.

आता निबंध मॅडमकडे गेल्यावर काय होतं ते पाहू. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने ३१ जानेवारी २०२३ ला स्वतःचं ओळखणारं साधन खुलं केलं होतं. कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरांपैकी २६ टक्के पकडले आणि माणसांच्या मजकुरांपैकी ९ टक्के चुकीने यंत्राचे ठरवले. समजा एका मोठ्या कॉलेजात एक हजार निबंध आले आणि त्यांतले शंभर यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत. साधन त्या शंभरातले २६ पकडेल. उरलेल्या नऊशे प्रामाणिक निबंधांतले ९ टक्के, म्हणजे ८१, चुकीने पकडेल. एकूण १०७ मुलं मॅडमच्या यादीत येतील आणि त्यांतली ८१ निर्दोष असतील. चार आरोपींमधले तीन निरपराध, आणि खऱ्या शंभरांतले ७४ सुटलेले. अचूकता कमी असल्याचं कारण देऊन ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये हे साधन मागे घेतलं. यंत्र बनवणाऱ्यांनाच यंत्राचं लेखन खात्रीने ओळखता आलं नाही.

चांगल्या साधनाचं काय? टर्निटिन या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये आपलं साधन आणताना चुकीचं बोट ठेवण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचा दावा केला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तो दावा खरा धरूनच हिशोब केला. २०२२ मध्ये त्यांच्याकडे या प्रणालीतून ७५,००० निबंध आले होते. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे ७५० निबंधांवर खोटा ठपका. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ही सोय बंद केली. कंपनीनेही पुढे २० टक्क्यांखालचा आकडा न दाखवता तिथे नुसती तारका दाखवायला सुरुवात केली, कारण त्या पट्ट्यात चूक होण्याची शक्यता जास्त असते. आमच्या कॅम्पसवर जे मूल १२ टक्क्यांसाठी रात्र जागवतं, त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

शिक्षकांची बाजूही खोटी नाही. साठ निबंध समोर आहेत, त्यांतले काही स्पष्टच यंत्राकडून उतरवलेले वाटतात, आणि प्रामाणिक मुलांवर अन्याय होऊ नये म्हणूनच तर तपासायचं आहे. पण मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यापीठात एका प्राध्यापकाने मुलांचे निबंध थेट चॅटजीपीटीत टाकून 'हे तू लिहिलंस का' असं विचारलं आणि त्याच्या होकारावर वर्गाचे निकाल अडकवले. हे यंत्र काय लिहिलं याची नोंद ठेवून उत्तर देत नाही, पुढचा शब्द जुळवून उत्तर देतं. अशा वेळी त्याची साक्ष घेणं म्हणजे चौकशीच न करणं.

आपल्या मुलीने शेवटी काय केलं? रात्री दीडच्या सुमारास तिने मुद्दाम घातलेल्या चुका काढल्या, कोशातला शब्द काढून आपला साधा शब्द परत आणला, तोडलेली वाक्यं जोडली. काकूंचं वाक्य मात्र ठेवलं, कारण ते चांगलं होतं. व्याख्या जशी होती तशीच राहिली. साधनाने ५७ टक्के दाखवलं. तिने ती खिडकी बंद केली आणि वहीच्या पानांचे फोटो काढून निबंधाच्या फाइलशेजारी जपून ठेवले.

तो शेवटचा निर्णय खऱ्या अर्थाने उपयोगी आहे. लेखन कुणाचं, याचा पुरावा तयार मजकुरात सापडत नाही, तो लिहिण्याच्या वाटेवर पडलेला असतो. कच्ची टिपणं, खोडाखोड, मुलाखतींच्या तारखा, वाचलेल्या पुस्तकांवरच्या खुणा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं तर दस्तऐवजाचा जुन्या आवृत्त्यांचा इतिहास आपोआप जपला जातो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं वाक्य आलं आणि गेलं ते दिसतं. तीन दिवसांत अडखळत वाढलेला निबंध आणि एका क्षणात चिकटवलेला निबंध यांतला फरक तिथे कुठलंही गणित न करता डोळ्यांना दिसतो. हाही पूर्ण पुरावा नव्हे, समोर पाहून टंकता येतंच. पण त्यावर बोलता येतं, प्रश्न विचारता येतात, उत्तर देता येतं. टक्क्याशी बोलता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढंच सांगायचं आहे. निबंध अनोळखी साधनात चिकटवू नका. दोन साधनं दोन आकडे देतील आणि तुम्ही तिसऱ्याच्या मागे धावाल. आकडा उतरवण्यासाठी चुका घालू नका, कारण त्या चुका तुमच्या नावावर राहतील. त्याऐवजी टिपणं, मसुदे आणि तारखा जपून ठेवा.

आणि शिक्षकांना विनंती. ज्या निबंधाचा संशय येईल त्या मुलीला दहा मिनिटं समोर बसवा. तिने काय पाहिलं, कुणाशी बोलली, हे वाक्य असं का लिहिलं, ते तिला हवं तर मराठीत विचारा. जिने पोळ्या लाटणाऱ्या बायकांशेजारी बसून वही भरली आहे, ती मे महिन्यात कणीक किती किलोवर येते हे तुम्हाला लगेच सांगेल. आणि ज्या कॉलेजांत केवळ टक्क्यावरून शून्य द्यायचा नियम आहे, त्यांनी तो या सत्रातच रद्द करावा.